मुलाखतीच्या सरावाच्या बॉटला काय सांगावं?

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत क्वालिटी इंजिनिअरची मुलाखत आहे. सरावाला बॉट केलाय, पण तो प्रत्येक उत्तराला ‘छान’ म्हणतो आणि पुढं जातो. सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये काय लिहू?

‘प्रामाणिक फीडबॅक दे’ एवढ्यानं भागत नाही, कारण प्रामाणिक म्हणजे नेमकं काय करायचं हे त्यात येत नाही. कृती सांगा:

```
तू फाउंड्रीचा क्वालिटी मॅनेजर आहेस. मुलाखत घे.
एका वेळी एकच प्रश्न विचार आणि उत्तराची वाट बघ.
उत्तरात आकडा, कारण किंवा उमेदवाराचं स्वतःचं
काम नसेल तर त्यावरच उपप्रश्न विचार; जास्तीत जास्त दोन.
मध्ये कौतुक किंवा शेरा नको.
मी "थांबा" लिहिल्यावरच फीडबॅक दे: माझं कच्चं
वाक्य जसंच्या तसं उद्धृत कर, काय कमी पडलं ते सांग.
मी न सांगितलेले आकडे घालू नकोस.
```

समजा, तुम्ही म्हणालात, “आम्ही रिजेक्शन कमी केलं.” आता बॉटनं विचारायला हवं, “कोणता दोष, ब्लोहोल की सँड इन्क्लुजन? त्यात तुम्ही स्वतः काय बदललं?” ‘आम्ही’च्या आड लपलेला उमेदवार इथंच उघडा पडतो.

दोनची मर्यादा काढलीत तर बॉट एकाच उत्तराला चिकटून बसतो. शेवटची ओळही ठेवाच. नाहीतर तो तुमचं उत्तर सुधारताना ‘८ टक्क्यांवरून ३’ असलं काहीतरी मनानं घालतो, आणि पाठ केलेला तो आकडा खऱ्या मुलाखतीत अंगलट येतो.

चाचणीला मुद्दाम एक गुळमुळीत उत्तर द्या. तरीही उपप्रश्न आला नाही, तर तुमच्या क्षेत्रातला असा एक नमुना-संवाद प्रॉम्प्टमध्येच जोडा.