दर चेहऱ्यावर नको, तपशिलावर लाव

फोटोवरून डिजिटल चित्रं काढून द्यायला तू ‘एका चेहऱ्याचे 800 रुपये’ असा सरसकट दर लावला आहेस, तिथेच फसशील. चेहऱ्यापेक्षा कपडेच जास्त वेळ खातात. माझ्याकडे एका जोडप्याचं कमरेपर्यंतचं लग्नाचं चित्र आलं होतं. दोन चेहरे, म्हणून 1600 सांगून बसलो. नवरीची पैठणी होती! नुसत्या पदरावरचे मोर काढायला पाच तास गेले, आणि दागिने वेगळेच.

आता मी आधी फोटो मागतो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून, कारण एरवी फोटो दाबला जातो आणि नथीतले मोती दिसेनासे होतात. मग तास मोजतो. ताशी 200 धरले तर खांद्यापर्यंतचा, सपाट रंगांचा एक चेहरा चार तासांत होतो, म्हणजे 800. तेच पैठणीचं चित्र आज चेहऱ्यांचे आठ, पदराचे पाच, दागिने आणि पार्श्वभूमीचे तीन, असे 16 तास धरून 3200 ला देईन.

निम्मे पैसे आल्याशिवाय स्केच सुरू करू नकोस. बदल स्केचवरच दोनदा करून द्यायचे, कारण तिथे मान वळवायला दहा मिनिटं लागतात. रंग भरल्यावर तीच मान म्हणजे केस, सावल्या, पदर सगळं पुन्हा. म्हणून ‘स्केच मंजूर’ असं लेखी घे, तोंडी नको. त्यानंतर टिकलीचा रंग वगैरे फुकट, पोझ बदलली तर तासाचे पैसे. आणि उरलेली रक्कम मिळेपर्यंत छोटी, वॉटरमार्क असलेलीच प्रत पाठव.