दम लवकर वाढतो, हाड उशिरा

प्रश्न: मी खानापूर तालुक्यातला. वय 19, वजन 58 किलो. अग्निवीर भरतीची तयारी करतोय. महिना झाला, रोज पहाटे सॅकमध्ये 20 किलो वाळू भरून 5 किमी पळतो. दम वाढलाय, पण आता डाव्या नडगीत कळ येते आणि उजव्या हाताला मुंग्या येतात. सैन्यात एवढं वजन घेऊन पोरं 20-20 किमी कशी चालतात?

उत्तर:

उद्यापासून ती सॅक उचलू नकोस. आज संध्याकाळी पाय मोकळे करून बस आणि डाव्या नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खालून वर ने. दुखणं चार-पाच बोटांच्या पट्ट्यात पसरलेलं असेल, सकाळी पाय टाकताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर हाडावरचं आवरण आणि त्याला धरलेले स्नायू चिडलेत. पळणं थांबवलंस तर दोन-तीन आठवड्यांत उतरेल. पण अंगठा एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी, टेकवल्याबरोबर तू ओरडलास, किंवा रात्री अंथरुणातही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. मग त्या पायावर उड्या मारून बघायच्या भानगडीत पडू नकोस, बेळगावात हाडांच्या डॉक्टरला दाखव. एक ध्यानात ठेव, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही चीर एक्स-रेमध्ये बऱ्याचदा दिसतच नाही. फोटो साफ आला म्हणून पळायला लागलेली पोरं मी पाहिलीत.

मी मराठा रेजिमेंटचा निवृत्त हवालदार, गाव येळ्ळूर. बेळगावच्या कॅम्पात मराठा सेंटरमध्ये रिक्रूट म्हणून घडलो आणि पुढे काही वर्षं पोरांना पीटी दिली. गावातली भरतीची पोरं आजही पहाटे माझ्याकडे येतात. तुझ्यासारखं दुखणं घेऊन दरवर्षी एखादा तरी येतोच, म्हणून सविस्तर लिहितोय.

महिनाभरात तुझा दम वाढला हे खरं आहे. व्यायाम सुरू केला की आठ-दहा दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं. तीन-चार आठवड्यांत पोटऱ्या-मांड्यांचे स्नायूही तयार व्हायला लागतात. हाडाचं मात्र उलटं असतं. रोजचा मार बसला की शरीर हाडातला जुना, थकलेला भाग आधी पोखरून काढतं आणि मग तिथे नवं हाड भरतं. पोखरायचं काम लवकर उरकतं, भरायच्या कामाला महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, छाती म्हणते ‘अजून पळ’ तेव्हाच, नडगी पहिल्यापेक्षा नाजूक झालेली असते. रिक्रूटांच्या नडग्या दुखायला लागतात त्या याच काळात. तुलाही महिनाच झालाय.

त्यात तू पळतोस. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, त्यामुळे दर पावलाला अंगाच्या वजनाहून थोडाच जास्त मार बसतो. पळताना दोन्ही पाय हवेत जातात आणि उतरताना वजनाच्या अडीच पट मार बसतो. 58 आणि 20 मिळून 78 किलो. त्याच्या अडीच पट, हजारो पावलं, रोज. कुठलं हाड भरून येणार?

सैन्यातही पूर्ण वजन घेऊन जोरात जायची वेळ येते. बीपीईटी नावाच्या परीक्षेत रायफल आणि सामानासह 5 किमी धावावं लागतं. पण ती परीक्षा असते, रोजचा खुराक नव्हे. दम घडतो तो रूट मार्चमध्ये, आणि रूट मार्च म्हणजे चालणं. पन्नास मिनिटं चालायचं, दहा मिनिटं थांबायचं, ताशी साधारण 5 किमी. रिक्रूटला पहिल्याच दिवशी भरलेला पिट्ठू, म्हणजे पाठीवरची सॅक, देत नाहीत. आधी रिकाम्या पाठीने, मग थोडं वजन, मग लांब पल्ला, असं आठवड्या-आठवड्याने चढवत नेतात. वजन, अंतर आणि वेग या तिन्हींतलं एका वेळी एकच वाढवायचं. तू पहिल्याच दिवशी तिन्ही वाढवलेस.

वजनाचा अंदाज असा धर. लढताना अंगावर असावं ते आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि लांब मार्चला फार तर 45 टक्क्यांपर्यंत, असं पायदळात मानतात. खऱ्या मोहिमेत याहून जास्त उचलावं लागतं, पण तो तयार झालेला जवान असतो. तुझे 20 किलो म्हणजे 34 टक्के. तयार जवानाचं वजन तू कच्च्या हाडांवर ठेवलंस.

आता हाताच्या मुंग्या. सुटी वाळू सॅकच्या तळाला बसते, सॅक कमरेखाली लोंबते आणि पट्टे खांद्याला मागे ओढतात. मानेतून हाताकडे जाणारी नस त्या पट्ट्याखाली चेपते. एक तपासणी सांगतो. उघड्या अंगाने दोन्ही तळहात भिंतीला लावून ढकल आणि घरच्या कुणाला मागून बघायला सांग. पाठीच्या उजव्या बाजूचं पान, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, पंखासारखं बाहेर आलं, किंवा हात खांद्याच्या वर उचलायला जड गेला, तर नस चांगलीच दबलीय आणि तेही डॉक्टरला दाखवायला हवं. नुसत्याच मुंग्या असतील तर वजन बंद केल्यावर काही दिवसांत जातात.

पिट्ठू भरायची रीत अशी. तळाला हलकं सामान, घोंगडं किंवा जुनी चादर. वाळूच्या दोन-दोन किलोच्या घट्ट बांधलेल्या पिशव्या करायच्या आणि त्या वरच्या भागात, पाठीला चिकटून, दोन पानांच्या मध्ये येतील अशा ठेवायच्या. उरलेली जागा कपड्यांनी ठासायची, आत काही हलता कामा नये. पट्टे आवळून सॅक वर ओढायची आणि कमरेचा पट्टा असेल तर तो कंबरेच्या हाडावर बांधायचा, म्हणजे खांद्यावरचं बरंचसं ओझं कमरेवर जातं. पायाला वजनं बांधून पळायचं खूळ असेल तर तेही सोड. पायातला एक किलो पाठीवरच्या चार-पाच किलोंएवढा दमवतो.

आमच्या गावातला एक मुलगा गेल्या पावसाळ्याआधी असाच आला होता. वजन तुझ्याएवढंच, दुखणं पसरलेलं, चीर नव्हती. तीन आठवडे त्याला पळू दिलं नाही, सायकल आणि विहिरीत पोहणं एवढंच. मग आठवड्यातून दोनदा 6 किलो घेऊन 5 किमी चालणं, मध्ये किमान दोन दिवस सोडून. दोन आठवड्यांनी वजन तेच ठेवून 8 किमी. चौथा आठवडा मुद्दाम हलका ठेवला, पुन्हा 5 किमी. तो कुरकुरला, म्हणाला काहीच दुखत नाही. म्हटलं, म्हणूनच. पाचव्या-सहाव्या आठवड्यात 9 किलो आणि 8 किमी, सातव्यात 10 किमी, आठवा पुन्हा हलका. नवव्या-दहाव्यात 12 किलो घेऊन 10 किमी, अकरावा हलका. बाराव्या आठवड्यात राजहंसगडाचा चढ धरून 12 किमी, दोन थांबे मिळून पावणेतीन तास. वर पोचल्यावर तो वाक्यं न तोडता बोलत होता. मी तेवढंच बघतो. वजन घेऊन चालताना सरळ बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. उतारावर मात्र त्याला मी लहान पावलं टाकायला लावली, कारण गुडघे आणि नडगी चढापेक्षा उतारावर जास्त मार खातात.

पायांची काळजी त्याच्याकडून हट्टाने करून घेतली. बूट आधी रिकाम्या पाठीने पंधरा दिवस वापरून मऊ करायचे. आत पातळ मोजा, वर जाड मोजा, म्हणजे घासायचं ते मोज्यावर मोजा घासतो, कातडं वाचतं. टाचेला गरम लागलं की तिथेच थांबून चिकटपट्टी लावायची. फोड आल्यावर लावून उपयोग नसतो. आपल्याकडच्या जून-जुलैच्या पावसात तर मोज्यांचा कोरडा जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून सोबत हवाच. मोठ्या थांब्यावर पाय पुसून तो घालायचा. ओलं कातडं लवकर सोलतं.

अडथळ्यांबद्दल तू विचारलं नाहीस, तरी दमाचा तोही भाग आहे. रिक्रूट भिंतीवर किंवा दोरावर सगळी ताकद घालवतो आणि पुढच्या अडथळ्याला पोचतो तेव्हा हात उघडत नाहीत. दोर हातांनी चढायचा नसतो. गुडघे छातीकडे घ्यायचे, दोर एका पायाच्या पंजाखालून घेऊन दुसऱ्या पायाने वरून दाबायचा आणि पायांवर उभं राहायचं. हात फक्त धरून ठेवतात. भिंतीवरून उतरताना काठाला हातांनी लोंबकळून मग सोडायचं आणि गुडघे वाकवून दोन्ही पायांवर उतरायचं. पाठीवर पिट्ठू घेऊन उंचावरून थेट उडी मारली की घोटा गेला म्हणून समज. आणि दोन अडथळ्यांच्या मधली धाव हीच श्वास परत आणायची जागा. तिथे पहिली दहा पावलं लांब श्वास सोडत जायचं.

तुझ्या भरतीच्या मैदानात यातलं वजन कुठेच नाही. 1.6 किमी रिकाम्या पाठीने पळायचं, बीमवर पुल-अप काढायचे, 9 फुटांचा खड्डा ओलांडायचा आणि झिगझॅग बीमवर तोल सांभाळायचा. नडगी बरी झाली की आठवड्यातले तीन दिवस मातीच्या मैदानावर पळ, तीन दिवस बारवर लटक. चालायचंच असेल तर त्या मुलासारखं 6 किलोपासून सुरू कर, तेही पळण्याच्या दिवशी नको. बाकीचं वजन सेंटरमध्ये उस्ताद चढवतील, त्यांच्या हिशेबाने. अंगठा लावून काय आढळलं ते खाली कळव, एकाच जागी कळ आहे की पट्ट्यात, ते आधी लिही.