प्रोबेशनमधली पहिली रजा: मेलमध्ये काय लिहायचं?

प्रश्न: नोकरीला लागून दोन महिने झालेत, प्रोबेशन सहा महिन्यांचं आहे. मावसबहिणीच्या लग्नासाठी तीन दिवस रजा हवी आहे. मेलमध्ये काय लिहू, म्हणजे साहेबांचं मत वाईट होणार नाही?

मेलच्या आधी नेमणूकपत्र उघडा आणि त्यातला रजेचा परिच्छेद वाचा. प्रोबेशनमध्ये रजा जमा होते का, आणि झाली तरी कायम होण्याआधी ती वापरता येते का, एवढंच शोधायचं आहे. समजा महिन्याला दीड दिवस जमा होत असेल, तर दोन महिन्यांत तुमच्या नावावर बरोबर तीन दिवस आहेत. पण काही ठिकाणी ते आकड्यात दिसतात आणि वापरता येत नाहीत. तिथे रजा बिनपगारी धरतात. घेतलेल्या रजेइतकं प्रोबेशन पुढे ढकलायचं कलमही कधीकधी असतं, तेही बघून ठेवा. पत्रात काही नसेल तर एचआरला विचारा, साहेबांना नको.

हे आधी कशाला? कारण नवीन माणूस भिडेपोटी 'बिनपगारी धरली तरी चालेल' असं लिहून टाकतो. शिल्लक असताना असं लिहिलंत तर एचआर तुमचाच शब्द धरून पगार कापू शकतं. ही चूक मी स्वतः केली आहे.

आता शब्दांबद्दल. गेली काही वर्षं माझ्याकडे असे अर्ज येतात. एका नवीन मुलाचा पहिला मेल साधारण असा होता:

"सर, घरगुती कारणामुळे पुढच्या आठवड्यात दोन-तीन दिवस रजा हवी आहे. नवीन असताना रजा मागणं बरोबर नाही हे कळतं, सॉरी, पण नाइलाज आहे. तिकीट काढलं आहे. कृपया समजून घ्या."

मुलगा सज्जन, पण या मेलला मला 'हो' म्हणताच येईना. दोन दिवस की तीन? कोणते? त्या बुधवारी आमचा महिन्याचा रिपोर्ट जायचा होता. 'घरगुती कारण' आणि 'नाइलाज' एकत्र वाचून मला वाटलं घरी कोणी आजारी आहे, म्हणून काळजीने फोन केला. साखरपुडा होता! आणि तिकीट आधीच काढलंय म्हटल्यावर विचारणं उरलंच कुठे, नुसतं कळवणं झालं. माफीचा मला राग आला नाही, पण कामाचं काय ते मेलमध्ये कुठेच नव्हतं.

तुम्ही आधी तोंडी विचारा: "सर, ११ ते १३ मार्च मला रजा लागेल, त्या आठवड्यात काही अडचण आहे का?" अडचण असेल तर ती इथेच कळते, लेखी नकाराची वेळ येत नाही. होकाराचा सूर दिसला की त्याच दिवशी मेल:

"विषय: रजेची विनंती, ११ ते १३ मार्च (३ दिवस)

सर, सकाळी बोलल्याप्रमाणे, मावसबहिणीच्या लग्नासाठी मला बुधवार ११ ते शुक्रवार १३ मार्च अशी तीन दिवस रजा हवी आहे. सोमवार १६ मार्चला कामावर हजर असेन. माझ्याकडची बिलांची पडताळणी मंगळवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण करून देतो. मधल्या काळात काही आलं तर स्नेहा बघेल, तिच्याशी बोललो आहे. आपली मंजुरी मिळाल्यावर सिस्टीममध्ये अर्ज भरतो."

'स्नेहाशी बोललो आहे' हे खरंच बोलून झाल्यावर लिहायचं, नाहीतर स्नेहाला साहेबांकडूनच कळतं. कारण एका ओळीत पुरे. लग्नाचं ठिकाण आणि नातं कसं लागतं ते कोणी विचारत नाही. रजा शुक्रवार आणि सोमवार अशी पडत असेल, तर मधले शनिवार-रविवार रजेत धरतात का तेही विचारून घ्या. दोनाचे चार होऊ शकतात.

अचानक आजारी पडलात तर हा साचा वापरू नका. तिथे विनंती नसते, कळवणं असतं: "सकाळपासून ताप आहे, आज येऊ शकणार नाही, उद्याचं संध्याकाळी कळवतो." कामाची वेळ सुरू व्हायच्या आत, ज्यांना थेट रिपोर्ट करता त्यांना. सहकाऱ्याकरवी निरोप धाडू नका.

मेल पाठवून दोन दिवस उत्तर नाही आलं तर गप्प बसणं म्हणजे मंजुरी असं समजू नका. त्याच मेलवर एक ओळ टाका: "सर, ११ ते १३च्या रजेचं निश्चित धरू का? तिकीट काढायचं आहे." माझ्याकडच्या त्या मुलाला मी शेवटी गुरुवार-शुक्रवार दिले, आणि बुधवारचं तिकीट त्याला बदलून घ्यावं लागलं.