लंगरातली पंगत आणि आपला पंक्तिप्रपंच

प्रश्न : गुरुद्वारात सगळ्यांना मोफत मिळणाऱ्या लंगरातल्या जेवणाला मराठीत 'सहभोजन' म्हटलं तर चालेल का? आणि तिथे पंक्तिप्रपंच अजिबात नसतो म्हणतात, ते कितपत खरं?

'सहभोजन' म्हणू नये असं माझं मत. तो आपल्या सुधारकांनी रूढ केलेला शब्द आहे. त्यात ठरवून केलेला कार्यक्रम येतो, आणि कोण कुणाच्या शेजारी बसलं याची चर्चाही येते. लंगर रोजचा असतो, शेजारी कोण हे कुणी विचारत नाही. 'लंगर' हा शब्द फारसीतून आलेला, सूफींच्या मठांतल्या, म्हणजे खानकाहांतल्या, मोफत जेवणालाही तोच होता. मराठीत तो आहे तसाच ठेवावा. नांदेडकरांनी तो केव्हाच आपलासा केला आहे.

'पंगत' मात्र मराठीत आणि पंजाबीत एकच. फरक एवढाच, की आपल्याकडे पंक्तिबाह्य, पंक्तिपावन असे शब्द याच मुळापासून निघाले, म्हणजे कुणाला पंगतीत घ्यायचं नाही हे सांगण्याचीही सोय झाली. शीख परंपरेत तिसरे गुरू अमरदास यांच्या पंजाबातल्या गोइंदवालचा नेम 'पहिले पंगत, पाछे संगत' असा सांगतात : आधी सगळ्यांबरोबर खाली बसून जेवा, मग गुरूंना भेटा. अकबरालाही तो चुकला नाही, अशी आख्यायिका आहे.

पंक्तिप्रपंच म्हणजे पंगत एकच, पण वाढण्यात दुजाभाव. वाढणारा ओळखीचा असला की शेवटच्या पंगतीत बसलं तरी चालतं, असं आपण उगाच म्हणत नाही. लंगरात या ओळखीला फारसा वाव मिळत नाही, आणि त्याचं कारण वाढण्याच्या पद्धतीत आहे. सेवादार बादली आणि पळी घेऊन 'दाला जी, परशादा जी' म्हणत ओळीतून झपाझप पुढे जातो. परशादा म्हणजे पोळी. ती ताटात ठेवत नाहीत. आपण दोन्ही हात पसरायचे, ती ओंजळीत पडते. साहेब असो की हमाल, हात पसरावेच लागतात. पदार्थही मोजके, डाळ, भाजी, पोळी, कधी खीर. शाकाहाराची रीत अशासाठी, की कुणालाही ताटावरून उठावं लागू नये. अमृतसरला रोज पन्नास हजारांच्या आसपास माणसं याच पद्धतीने जेवतात.

पण पंक्तिप्रपंच हा शब्द फक्त जेवणाऱ्यांकडे पाहतो. जातीचा जुना नियम त्याहून पुढचा होता : कुणाच्या हातचं खायचं? त्यामुळे लंगराची खरी कसोटी पंगतीत लागत नाही, कणकेच्या परातीपाशी लागते. परातीत कुणाचेही हात चालले पाहिजेत आणि उष्टी भांडी कुणीही घासली पाहिजेत. मोठ्या गुरुद्वारांत हे सहज घडतं. अनोळखी माणूस आत शिरून पोळ्या लाटायला बसला तर कुणी जात विचारत नाही. पंजाबातल्या काही खेड्यांत मात्र दलित शिखांना जेवायला जागा मिळते, पण स्वयंपाकाला आणि वाढायला हात लावू देत नाहीत, अशा तक्रारी झाल्या आहेत. एकाच गावात जातवार वेगळे गुरुद्वारेही आहेत. लंगरात जात न पाहण्याचा नियम जुना आणि स्पष्ट असूनही हे चालतं. 12 ऑक्टोबर 1920 रोजी तर खुद्द सुवर्णमंदिरात नवदीक्षित दलित शिखांनी आणलेला कडाह प्रसाद, म्हणजे कणकेचा शिरा, पुजाऱ्यांनी नाकारला होता. तिथला प्रश्न लंगराचा नव्हता, हाताचाच होता. शेवटी ग्रंथसाहिब उघडून जे वचन निघालं, ते दलित शिखांच्या बाजूचं मानलं गेलं आणि प्रसाद स्वीकारावा लागला.

याच्या उलट टोकाचा वाद कॅनडातला. ब्रिटिश कोलंबियातल्या जुन्या गुरुद्वारांत कित्येक वर्षं टेबल-खुर्च्यांवर लंगर चालत असे. 1997 मध्ये सरे इथल्या गुरुद्वारात यावरून हाणामारी झाली आणि 1998 मध्ये शिखांचं सर्वोच्च धर्मपीठ असलेल्या अमृतसरच्या अकाल तख्तानं खुर्च्या काढण्याचा आदेश दिला. तो न मानणाऱ्या काही पुढाऱ्यांना पंथाबाहेर काढलं गेलं. खुर्चीवाल्यांचा मुद्दा असा, की सगळेच खुर्चीवर बसले तर तीही समानताच. तर्क म्हणून तो मला चुकीचा वाटत नाही. पण खुर्ची रिकामी ठेवता येते, राखून ठेवता येते, पहिल्या रांगेत लावता येते. तरटावर मांडीला मांडी लावून बसताना ते अवघड जातं. तरीही गुडघे धरलेल्यांचं काय करायचं हा प्रश्न उरतोच, म्हणून आदेश मानणाऱ्या अनेक गुरुद्वारांतही कडेच्या भिंतीला चार बाकं असतात. त्यावर बसलेल्यांनाही वाढायला तीच बादली फिरते.