केळीबागेचे उत्पन्न आणि पोटगीचा आकडा: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : रावेर तालुक्यात सासर आहे. नवऱ्याने मला आणि सात वर्षांच्या मुलीला माहेरी सोडले. केळीबाग सासऱ्यांच्या नावावर आहे, म्हणून "माझे उत्पन्नच नाही" असे तो म्हणतो. मी शिवणकाम करते. पोटगी किती मिळेल?

ताई, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (पूर्वीचे कलम 125) तुम्ही माहेरच्या तालुक्यातील न्यायालयात स्वतःसाठी आणि मुलीसाठी एकत्र अर्ज करू शकता. शिवणकामातून थोडे पैसे मिळतात एवढ्यावरून हक्क जात नाही. त्या पैशांत सासरच्या राहणीमानाप्रमाणे भागते का, हे पाहिले जाते.

खरा वाद उत्पन्नाचा होईल. सर्वोच्च न्यायालयाने 2020च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालात दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचे शपथपत्र सक्तीचे केले असून शेती करणाऱ्यांसाठी त्याचा नमुना वेगळा दिला आहे. सातबारा कोणाच्या नावावर आहे, याइतकेच बाग कोण कसतो आणि पैसा कोणाच्या खात्यात येतो यालाही महत्त्व असते. म्हणून व्यापाऱ्याकडच्या विक्रीच्या पट्ट्या, सोसायटीचे पीककर्ज, फळपीक विम्याची भरपाई आणि बँकेचे उतारे मागवून घेण्याचा अर्ज द्या. भाव पडलेल्या एकाच हंगामाची पट्टी पुढे करणे ही नेहमीची चाल आहे. तीन वर्षांच्या पट्ट्या मागितल्या की ती टिकत नाही.

आकड्यांनीच पाहू. समजा, खर्च वजा जाता बागेतून तीन वर्षांत 6, 9 आणि 6.6 लाख रुपये उरले, म्हणजे वर्षाला सरासरी 7.2 लाख, आणि बाग दोघे भाऊ कसतात. मग नवऱ्याकडे साधारण महिना 30 हजार रुपये येतात. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च आणि आईवडिलांचा भार मान्य होईल, पण हौसेने घेतलेल्या गाडीचा हप्ता सहसा मान्य होत नाही. तुमचे शिवणकामाचे 3 हजार धरूनही तुम्हाला 7 हजार आणि मुलीला 5 हजार अशी मागणी वाजवी ठरेल. यासाठी ठरीव सूत्र नाही. 2017च्या एका निकालात निव्वळ पगाराच्या 25 टक्क्यांचा उल्लेख आहे, पण तो नोकरदार पतीपुरता मार्गदर्शक आहे, त्यामुळे दुसरे न्यायाधीश वेगळा आकडा ठरवू शकतात.

रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. निकालाला 14 महिने लागले तर वरच्या हिशेबाने थकबाकी 1 लाख 68 हजार होते. मधल्या काळात मिळालेली अंतरिम पोटगी त्यातून वजा होईल. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली काही मिळत असल्यास तेही सांगा, लपवलेले पुढे अंगलट येते. वसुलीचा अर्ज मात्र रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो, आणि तिथेच अनेक जणी चुकतात. मुलगी अठरा वर्षांची झाली तरी अविवाहित असून स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल, तर हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याच्या कलम 20 खाली वडिलांची जबाबदारी चालू राहते.

प्रश्न : भुसावळला राहते. तलाक झाला, इद्दतचे पैसे मिळाले. आता काही मागता येते का?

येते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये स्पष्ट केले की, 1986चा स्वतंत्र कायदा असला तरी घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला कलम 125चा मार्ग खुला आहे. त्याआधी 2001च्या डॅनियल लतिफी निकालात, पतीने इद्दतच्या काळातच पुढील आयुष्याची वाजवी तरतूद करावी, असा अर्थ लावला गेला होता. मिळालेली रक्कम विचारात घेतली जाईल, पण ती पुरेशी नव्हती हे दाखवता येईल. पुनर्विवाह झाल्यास हा हक्क संपतो.

प्रश्न : वय 72, शहादा तालुका. शेती दोन्ही मुलांच्या नावे बक्षीसपत्राने दिली. दोघे सुरतला असतात, विचारत नाहीत. मुलगी नोकरी करते. काय करावे?

काका, 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडील न्यायाधिकरणात साधा अर्ज द्या. मुले सुरतला असली तरी तुम्ही राहता तिथेच अर्ज चालतो. तिथे दरमहा कमाल 10 हजार रुपये मिळू शकतात. कलम 144 खाली अशी मर्यादा नाही, मात्र दोन्ही मार्ग एकाच वेळी धरता येत नाहीत. मुलांची ऐपत चांगली असेल तर दुसराच सोयीचा.

बक्षीसपत्र काढून ओळीओळीने वाचा. सांभाळण्याची अट त्यात असेल आणि मुलांनी ती मोडली असेल, तर कलम 23 खाली तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. त्याच दिवशी लिहून घेतलेले वेगळे वचनपत्रही उपयोगी पडू शकते. दोन्हीपैकी काही नसेल तर जमीन परत मिळणे अवघड असते, पण पोटगीचा हक्क अबाधित राहतो.

विवाहित मुलीचे स्वतःचे उत्पन्न असल्यास तीही जबाबदार ठरते. हा मुद्दा 1987 मध्येच महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात निकाली निघाला. तिने आजवर सांभाळले असेल तर मुलांनाच पक्षकार करा. मुले तिलाही सामील करून घेण्याची मागणी करू शकतात, तेव्हा तिने केलेल्या खर्चाच्या पावत्या हाताशी ठेवा.