वही तपासताना आधी फरकाचा आकडा पाहा

भाऊ, कॉन्फिडन्स इंटरव्हलची गणितं तपासताना शेवटचं उत्तर पाहून नुसती फुली मारू नका. सरासरीच्या अलीकडे-पलीकडे किती अंतर घेतलंय ते पाहा, चूक तिथूनच सापडते.

आमच्याकडचंच गणित घ्या. कपाशीची १६ शेतं, प्रत्येकातली ५ झाडं मोजून त्या शेताची सरासरी काढली. १६ सरासरींची सरासरी ३० बोंडं, प्रमाण विचलन ८. म्हणजे ८/√१६ = २. मुक्तांश १५, ९५ टक्क्यांसाठी t २.१३१, अंतर ४.२६. उत्तर २५.७४ ते ३४.२६.

वहीत ३.९२ दिसलं, तर पोरानं १.९६ वापरलंय. विचलन नमुन्यातूनच काढलं आणि नमुना लहान, म्हणून इथं t हवा. १.७५ दिसलं, तर १६ × ५ करून n ८० धरलाय. आकडे शेतांचे आहेत, झाडांचे नाहीत. ही चूक मला सर्वांत जास्त खटकते, कारण उत्तर उगाच नेमकं दिसतं.

आकडे बरोबर असले तरी खालचं वाक्य वाचाच. ‘९५ टक्के शेतं या मर्यादेत’ असं लिहिलं असेल, तर त्याला मूळ १६ आकडे मोजायला लावा. बरीच शेतं बाहेर निघतील. ९५ टक्के भरवसा पद्धतीचा आहे: असे नमुने पुन्हापुन्हा घेतले, तर शंभरातल्या साधारण ९५ मर्यादांत खरी सरासरी सापडेल.