तिवरांचा पट्टा वादळात कितपत वाचवतो?

आमच्या खाडीला तिवरांचा जेमतेम ५० फुटांचा पट्टा आहे, वादळात उपयोग होईल का? आणि मासे तिथेच अंडी घालतात ना?

लाटांसाठी थोडाफार होईल, चढलेल्या पाण्यासाठी नाही. मुळाखोडांत घासून लाटेचा जोर १०० मीटरमध्येच बराच उतरतो, पण वादळात समुद्रच वर चढतो ना, ते पाणी किलोमीटरभर जंगलातून आलं तरी फार तर अर्धा मीटर कमी होतं, म्हणून पट्टा रुंद लागतो. ओडिशात १९९९ च्या सुपर सायक्लोनला केंद्रपाडा जिल्ह्यात ज्या गावांपुढे खारफुटी रुंद होती तिथे माणसं कमी दगावली.

अंडी बरेचसे बाहेरच घालतात, जिताडा खाडीच्या मुखाशी, कोळंबी समुद्रात. पिल्लं भरतीबरोबर आत येतात, मुळांच्या गुंत्यात मोठ्या माशांना शिरता येत नाही म्हणून वाचतात.